‘क्विक अपडेट प्लीज!’ पण नक्की कशाचं?

मोठ्या सुट्टीनंतर कामावर परतताना सगळ्या टीमला एक मेल जातो. बहुतेकदा तो गोड असतो, नम्र असतो आणि अजिबात उपयोगाचा नसतो. तो नीट लिहायचा कसा, याबद्दल थोडं.

‘हाय ऑल, सहा महिन्यांनी परत येतेय. तुम्हाला सगळ्यांना खूप मिस केलं! मधल्या काळात काय काय बदललं याचं कुणीतरी एक क्विक अपडेट द्याल का? थँक्स इन अ‍ॅडव्हान्स.’

असा मेल तुम्ही पाहिला नसेल तर लवकरच पाहाल. इंटर्नशिप सुरू झाली, ऑफिसचा मेल आयडी मिळाला, की महिन्याभरात एखादा येतोच. कुणी बाळंतपणाच्या रजेवरून आलेलं असतं, कुणी पायाला रॉड टाकून, कुणी परीक्षेची सुट्टी संपवून. त्याला येणारी उत्तरंही ठरलेली. तीन जण ‘वेलकम बॅक’ म्हणतात, एक जण ‘पार्टी कधी?’ विचारतो, एक जण अंगठा दाखवतो. आणि कुणीतरी प्रेमाने लिहितं, ‘काही नाही गं, सगळं तेच आहे, तू ये फक्त!’

ती येते. पहिल्या आठवड्यात तिला कळतं, की सगळं तेच अजिबात नाहीये.

माझं म्हणणं असं, की यात टीमचा दोष कमी आणि मेलचा जास्त. उत्तर देता येणार नाही असाच प्रश्न आपण विचारतो आणि मग ‘कुणी साधं सांगितलं पण नाही’ म्हणून मनात धरून बसतो.

बारा जणांना विचारलं, म्हणजे कुणालाच नाही

पहिली गोष्ट, हा मेल ‘ऑल’ला जातो. बारा जणांना एकच प्रश्न विचारला, की प्रत्येकाला वाटतं उरलेल्या अकरांपैकी कुणीतरी सांगेल. मास कॉमच्या किंवा सायकॉलॉजीच्या वर्गात डार्ली आणि लाटाने ही नावं ऐकली असतील. १९६८ साली न्यूयॉर्कमध्ये या दोघांनी विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. इंटरकॉमवर पलीकडच्या माणसाला झटका आल्याचा आवाज येतो. ऐकणाऱ्याला वाटत असेल की आपण एकटेच ऐकतोय, तर ८५ टक्के जण त्याचा आवाज थांबायच्या आत मदतीला उठले. आणखी चार जण ऐकतायत असं वाटलं, तेव्हा उठणारे ३१ टक्क्यांवर आले. माणसं तीच, पण जबाबदारी वाटली गेली. आता झटका येणं आणि ऑफिसचा मेल यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, मान्य. पण जीव जात असताना माणूस ‘दुसरा कुणीतरी बघेल’ म्हणू शकतो, तर डेडलाइनच्या वेळी आलेल्या मेलला तो काय म्हणेल याचा अंदाज करा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. जे तिथेच होते, त्यांना बदल दिसलेलाच नसतो. घरातलं मूल रोज दिसतं, म्हणून ते उंच झालेलं पाहुण्यांना आधी कळतं. ऑफिसचंही तसंच. डेडलाइन एकदा पंधरा मिनिटांनी अलीकडे आली, मग आणखी पंधरा मिनिटांनी. एक जण दुसऱ्या शिफ्टला गेला. एक फॉर्म बंद झाला. प्रत्येक वेळी लोक आठवडाभर कुरकुरले आणि मग विसरले. त्यामुळे ‘काय बदललं?’ असं विचारलं, की त्यांना मागच्या आठवड्यातलं आठवतं. चार महिन्यांपूर्वीचं त्यांच्यासाठी आता ‘असंच असतं’ झालेलं असतं.

आणि तिसरी गोष्ट, ‘क्विक’ नक्की कुणासाठी? सहा महिन्यांचा आढावा घ्यायचा, त्यातलं तिच्या कामाचं काय ते निवडायचं आणि नीट लिहायचं, हे तासाभराचं काम आहे. विचारणारीला एक ओळ लागली, म्हणून उत्तरही एका ओळीत येईल असं होत नाही.

एक उदाहरण घेऊ

समजा, एका मराठी दैनिकातली एक उपसंपादक. तिच्याकडे रोज जिल्ह्याचं एक पान आणि शनिवारची पुरवणी. ती २ सप्टेंबर २०२४ पासून बाळंतपणाच्या रजेवर गेली. २०१७ साली कायद्यात बदल झाला, तेव्हापासून ही रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची, म्हणजे १८२ दिवसांची आहे. त्या हिशेबाने ती रुजू होणार सोमवारी, ३ मार्च २०२५ ला. आणि नेमकं त्याच दिवशी राज्याचं अर्थसंकल्पी अधिवेशन सुरू झालं. म्हणजे डेस्कला मान वर करायला वेळ नाही. ‘क्विक अपडेट प्लीज’ म्हणायला याहून वाईट दिवस शोधून सापडणार नाही.

आता या १८२ दिवसांत काय काय झालं? ३ ऑक्टोबरला केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा द्यायचा निर्णय घेतला. ऑक्टोबरमध्येच अहमदनगर जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झालं. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान झालं, २३ ला निकाल लागला. ५ डिसेंबरला देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री झाले आणि आधीचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे उपमुख्यमंत्री झाले. उपसंपादकासाठी हे सगळं कामाचं आहे. जुन्या सवयीने एका मथळ्यात ‘मुख्यमंत्री शिंदे’ गेलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजायला लागतात.

पण यातलं काहीही सहकाऱ्यांना विचारायचं नाही! हे जुन्या अंकांत छापून आलंय. म्हणजेच ते शोधता येतं, आणि जे शोधता येतं ते विचारून दुसऱ्याचा वेळ घेऊ नये.

विचारायचं ते, जे कुठेच छापलेलं नाही. जिल्ह्याचं नाव बदललं ही बातमी झाली. पण जुन्या एखाद्या संस्थेच्या किंवा बँकेच्या नावातच ‘अहमदनगर’ असेल तर आपल्या पेपरने काय छापायचं ठरवलंय, हा घरातला निर्णय झाला. तो कुठल्यातरी रात्री साडेदहाला, दोन टेबलांमध्ये उभं राहून तोंडी झालेला असू शकतो. परत येणाऱ्या माणसाला अडकवतात ते हे असले निर्णय.

आधी आपलं आपण खणायचं

म्हणून मेल लिहायच्या आधी एक तास मेल वाचायला द्यायचा. सगळे वाचायचे नाहीत, ते शक्यही नाही. ऑफिस जीमेल वापरत असेल, तर सर्चच्या चौकटीत एवढं टाकायचं:

```
to:me after:2024/09/01 before:2025/03/04
"यापुढे" after:2024/09/01 before:2025/03/04
```

पहिल्या ओळीने थेट तिच्या पत्त्यावर आलेले मेल वेगळे होतात आणि डिपार्टमेंटच्या ग्रुप आयडीवरचा बराचसा गाळ बाजूला पडतो. दुसरी ओळ मला जास्त आवडते. नियम बदलणाऱ्या मेलची एक भाषा असते. त्यात ‘यापुढे’, ‘आजपासून’, ‘सर्वांनी नोंद घ्यावी’ असं काहीतरी असतंच. हे दोन-तीन शब्द एकेक करून शोधले, की कधीच न उघडलेली फर्मानं समोर येतात. ऑफिसात इंग्रजी मेलची पद्धत असेल तर शब्द इंग्रजीतले घ्यायचे, एवढाच फरक.

या खोदकामाला मर्यादा आहेत, त्याही माहीत असाव्यात. जीमेलमध्ये ट्रॅश आणि स्पॅममध्ये गेलेला मेल ३० दिवसांनी कायमचा जातो. म्हणजे सप्टेंबरमध्ये चुकून स्पॅममध्ये पडलेला मेल मार्चमध्ये मिळणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपचंही असंच. फोन पोचवून घ्यायला नसेल तर मेसेज त्यांच्या सर्व्हरवर ३० दिवसच थांबतो. ग्रुपवर आपोआप गायब होणारे मेसेज सुरू असतील, तर ९० दिवस ही त्यांची सगळ्यात लांब मुदत. शिवाय रजेवर जाताना कुणी ग्रुपमधून बाहेर पडलं असेल, तर मधलं काहीच दिसत नाही. त्यामुळे पुढे कुणी ‘ग्रुपवर टाकलं होतं की’ म्हणालं, तर वाद घालायचा नाही. तो मेसेज परत पाठवायला सांगायचा.

एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. हा एक तास रजेतला नाही. रजा म्हणजे रजा. हे काम रुजू झाल्यावरच्या पहिल्या दिवशी, ऑफिसच्या वेळेत करायचं आणि ऑफिसनेही तेवढी मुभा द्यायची. सहा महिन्यांनी आलेल्या माणसाला पहिल्याच संध्याकाळी पान लावायला बसवणं हा शहाणपणा नाही.

आता मेल

आपल्या उदाहरणातली उपसंपादक सोमवारी दुपारी बाराला येते. तिने बुधवारपासून पान घ्यायचं असं ठरलंय. अंक चाळून आणि मेल शोधून झाल्यावर ती मुख्य उपसंपादकांना लिहिते. फक्त त्यांनाच, आणि तिच्या मागे पान सांभाळणाऱ्या सहकाऱ्याला सीसी.

‘विषय: जिल्हा पान बुधवारपासून – ३ गोष्टी तपासून द्याल का?

नमस्कार सर,

आज रुजू झाले. सप्टेंबर ते फेब्रुवारीचे अंक आणि मेल पाहिले. त्यावरून मला समजलं ते असं:

१. जिल्हा पान आता साडेनऊऐवजी रात्री नऊला सोडायचं.
२. बातमीत सगळीकडे अहिल्यानगर. संस्थेच्या नावातच जुनं नाव असेल तर ते तसंच ठेवायचं.
३. पान सोडण्याआधी शेवटची नजर तुमची.

प्रत्येकापुढे ‘ठीक’ किंवा ‘नाही’ एवढं लिहिलंत तरी चालेल. बुधवारी पहिलं पान लावायचंय, म्हणून उद्या, मंगळवारी चारपर्यंत उत्तर मिळालं तर बरं होईल.

शनिवारच्या पुरवणीबद्दल प्रत्यक्ष बोलायचं आहे. उद्या शिफ्टच्या आधी दहा मिनिटं मिळतील का?’

बस, एवढंच. यात ‘काय बदललं’ हा प्रश्न कुठेच नाही, हे लक्षात आलं? तिने आपला अंदाज मांडलाय आणि समोरच्याला फक्त तो तपासायला सांगितलाय. कोरा कागद भरायला कुणाला आवडत नाही, पण दुसऱ्याच्या कागदावर लाल पेन चालवायला सगळ्यांनाच आवडतं. त्यातून समोर संपादकीय विभागातला माणूस असेल तर विचारूच नका!

‘ठीक’ असं लिहून का मागितलं? बरोबर असेल तर उत्तर देऊ नका, असंही म्हणता आलं असतं. पण मग उत्तर आलं नाही तर दोन अर्थ निघतात. सगळं बरोबर आहे, किंवा सरांनी मेल उघडलाच नाही. पान सोडायच्या वेळी यातला कुठला अर्थ धरायचा? म्हणून एक शब्द तरी हवा.

मुदत दिली आहे आणि तिचं कारणही दिलंय. नुसतं ‘लवकर कळवा’ म्हटलं, की ते अधिवेशन संपल्यावर कळवण्यासारखं होतं. ‘बुधवारी पहिलं पान’ म्हटलं, की उत्तर न देण्याची किंमत त्यांनाही दिसते.

आणि या मेलमध्ये ‘सॉरी’ नाही. ‘तुम्हाला सगळ्यांना माझ्यामुळे त्रास झाला’ नाही, बाळाची तब्येत नाही, रजा का लांबली याचा खुलासा नाही. रजा हक्काची होती. माफी मागून परतणारा माणूस पहिल्याच दिवशी आपली जागा स्वतःच दोन पायऱ्या खाली नेतो, असं मला वाटतं. बाळाचे फोटो चहाला दाखवावेत. सगळे आनंदाने बघतात.

सरांचं उत्तर कसं येईल? समजा असं आलं: ‘१ ठीक. २ ठीक. ३ नाही. मी जानेवारीपासून सकाळच्या शिफ्टला आहे, रात्री पान वृत्तसंपादक मॅडम बघतात. उद्या साडेअकराला ये.’ या सगळ्या खटाटोपाची किंमत तिसऱ्या क्रमांकाने वसूल झाली. हा बदल कुठल्याही अंकात दिसला नसता, कारण पानावर कोणाची नजर फिरली हे पानावर छापत नाहीत. आणि ‘काय बदललं?’ असं मोघम विचारलं असतं, तर सरांनाही हे आठवलं नसतं. त्यांच्यासाठी ते दोन महिन्यांपूर्वीचं, जुनं झालं.

ज्याने काम सांभाळलं, त्याला वेगळं विचारा

दुसरा मेल तिच्या मागे पान सांभाळणाऱ्या सहकाऱ्याला. तो बरोबरीचा, म्हणून भाषाही तशी.

‘सहा महिने पान सांभाळलंस, थँक्स. एकच विचारते. पानाच्या बाबतीत आपण बाहेर कुणाला काही कबूल केलंय का? लेख छापतो म्हणून, मानधन पाठवतो म्हणून, खुलासा देतो म्हणून? आठवतील तेवढी नावं दे, बाकी मी बघते.’

अर्धवट कामांची यादी मागितली, तर माणूस फाइल्सची यादी देतो. पण खरा घोळ फाइल्समध्ये नसतो, शब्द दिलेला असतो तिथे असतो. तालुक्याचे एखादे निवृत्त शिक्षक जानेवारीपासून आपल्या लेखाची वाट बघत असतात. बुधवारी त्यांचा फोन तिलाच येतो आणि तिला त्यातलं काही माहीत नसतं. कंपनी असेल तर तिथे क्लायंट असतो, कॉलेजचा फेस्ट असेल तर स्पॉन्सर असतो. दिलेला शब्द मेलमध्ये क्वचित सापडतो, कारण तो फोनवर दिलेला असतो. म्हणून तो माणसालाच विचारावा लागतो.

तिसरा मेल दोन ओळींचा, पानं लावणाऱ्या आर्टिस्टला: ‘दादा, माझ्या कॉम्प्युटरवर जिल्हा पानाचं ऑगस्टमधलं टेम्प्लेट आहे. सध्याचं कुठल्या फोल्डरला आहे?’ याला फार तर मिनिट लागतं. हा प्रश्न ‘ऑल’ला विचारला असता, तर अकरा जणांना न कळणारा अकरावा मेल झाला असता.

तीन माणसं, तीन मेल. लिहायला वेळ जास्त लागतो, हे खरं. पण तो लिहिणारीचा लागतो. विचारणारा मीच, म्हणून मेहनतही माझी, हा हिशेब मला बरोबर वाटतो.

जे मेलवर मागू नये

आता पुरवणी. शनिवारची पुरवणी रजेच्या काळात दुसऱ्या कुणाकडे गेली, त्याला ती आवडायला लागली, वाचकांची पत्रंही त्याच्या नावाने येऊ लागली. ती परत मिळणार का?

‘क्विक अपडेट’वाल्या मेलच्या पोटात खरं तर हाच प्रश्न असतो. सहा महिन्यांनी परतणाऱ्या माणसाला धोरणं, टेम्प्लेट वगैरे सगळं हवं असतंच. पण त्याला सगळ्यात आधी हे जाणून घ्यायचं असतं, की माझी जागा अजून आहे का. ते थेट विचारायला संकोच वाटतो, म्हणून ‘काय काय बदललं?’ असं गोल गोल विचारलं जातं. समोरचेही ओळखतात आणि ‘सगळं तेच आहे’ म्हणतात. दोघंही एकमेकांना सांभाळून घेतात आणि उत्तर मिळत नाही.

हा प्रश्न समोरासमोर विचारावा, ज्याच्या हातात निर्णय आहे त्याला, आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत. मेलवर विचारला, की समोरच्याला लेखी बांधून घेतल्यासारखं वाटतं आणि तो ‘बघू’ असं लिहितो. सीसीमधल्या सहकाऱ्याला तर आपल्यावर हल्लाच झाल्यासारखा वाटतो. भेटीत जे ठरेल, ते मात्र त्याच दिवशी मेलवर टाकावं: ‘सर, आज बोलल्याप्रमाणे मार्चअखेरपर्यंत पुरवणी त्याच्याकडे, एप्रिलच्या पहिल्या शनिवारपासून माझ्याकडे. मला बरोबर समजलं ना?’ बोलणं आधी आणि मेल नंतर, हा क्रम उलटा झाला की भांडण लागतं.

आपल्या उदाहरणात कायदाही तिच्या बाजूने बोलतो. त्या वेळी लागू असलेल्या १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याच्या १२ व्या कलमात, या रजेमुळे स्त्रीला कामावरून काढणं आणि तिचं नुकसान होईल अशा रीतीने नोकरीच्या अटी बदलणं, दोन्ही बेकायदा ठरवलंय. त्याच कायद्यात मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत अंगावर पाजण्यासाठी दिवसातून दोन वेळा सुट्टी आहे. पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोयही आहे. पण पुरवणी कुणी बघायची हे ‘नोकरीच्या अटीं’मध्ये बसतं का, यावर वकील वाद घालू शकतात. कायदा पद आणि पगार राखतो. आवडीचं काम परत मिळवायला बहुतेकदा बोलावंच लागतं. पाळणाघराचा प्रश्न मात्र बिनधास्त एचआरला मेलवर विचारावा, त्यात संकोचाचं काही नाही.

मागे राहिलेल्यांचं काय?

इथपर्यंत सगळी मेहनत परतणाऱ्यावर टाकली. पण सहा महिने जे तिथे होते, त्यांचंही एक काम आहे आणि ते फार सोपं आहे. कुणी रजेवर गेलं, की त्याच दिवशी एक शेअर केलेलं डॉक्युमेंट उघडायचं. त्यात तीनच रकाने: तारीख, काय ठरलं, कुणी ठरवलं. ज्या दिवशी डेडलाइन बदलली त्या दिवशी एक ओळ. ज्या रात्री ‘संस्थेचं नाव तसंच ठेवायचं’ ठरलं त्या रात्री एक ओळ. बदल ताजा असतो, तोवरच तो बदल वाटतो. म्हणून तो तेव्हाच टिपायला हवा, मार्चमध्ये आठवून नव्हे.

हे काम सहसा इंटर्नकडे येतं आणि येऊ द्यावं. आम्हाला सगळंच नवीन असतं, त्यामुळे ‘हे असं का?’ हा प्रश्न आम्हालाच पडतो. फक्त ‘कुणी ठरवलं’ हा रकाना रिकामा ठेवू नका. सगळ्यात जास्त घोळ त्या रिकाम्या चौकटीतून होतात, कारण दोन जण दोन वेगळी उत्तरं देतात आणि कुणाचं खरं धरायचं ते कळत नाही.

कॉलेजमध्येही हेच चालतं, फक्त तिथे मेलऐवजी व्हॉट्सअ‍ॅप असतं. कावीळ होऊन महिनाभर घरी असलेला मित्र परत येतो आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकतो, ‘भावांनो, काय काय झालं? नोट्स टाका.’ साठ जण वाचतात. दोन जण हार्ट देतात. त्याऐवजी त्याने प्रोजेक्टमधल्या एकीलाच लिहावं: ‘आपला सर्व्हे अजून जानेवारीत ठरलेल्या वीस प्रश्नांचाच आहे ना? माझ्याकडे शेवटचे पाच जण होते, ते कुणी केले का? गुरुवारी मॅमना दाखवायचंय, म्हणून उद्यापर्यंत सांग.’ ती पाच मिनिटांत सांगेल की सर्व्हे पंधरा प्रश्नांवर आलाय आणि त्याचे पाच जण अजून तसेच आहेत.

आणि उत्तरं मिळाल्यावर एक शेवटचं काम राहतं, जे जवळपास कुणीच करत नाही. तिघांकडून जे कळलं ते एका जागी लिहून त्या तिघांनाच परत पाठवायचं: ‘सगळ्यांकडून मिळून मला हे समजलं. काही राहिलंय का?’ आपल्या उदाहरणात हा मेल मंगळवारी रात्री जाईल. शक्यता अशी आहे, की तो वाचून पान सांभाळणारा सहकारी म्हणेल, ‘अरे, रात्री पान मॅडम बघतात हे मला माहीत आहे, पण रविवारी त्यांची सुट्टी असते. रविवारी कोण बघतं हे सरांना विचारायला हवं.’ सहा महिने तो दर रविवारी अंदाजाने पान सोडत होता.